कॅफेतल्या मुलाखतीतला गोंगाट काढताना आवाज पाण्यातून आल्यासारखा का होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावचा, खान्देशातल्या केळीवाल्या शेतकऱ्यांच्या आणि भुसावळच्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करतो. बरेच जण आपापल्या फाइली पाठवतात आणि त्याच त्याच गोष्टी विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय, म्हणजे गोंधळ होणार नाही.

उदाहरणातली मुलाखत कोणती?

मे महिना, दुपारचे तीन, जळगावातला एक कॅफे. रावेर तालुक्यातले एक आप्पा केळीच्या भावाबद्दल बोलत होते. बाहेर उभं राहवत नव्हतं इतकं ऊन, म्हणून आत बसलो. आत मोठा कूलर चालू, मागे कॉलेजच्या पोरांचा घोळका, काउंटरवर कॉफी मशीनची वाफ मधूनमधून फुस्स करायची आणि दर दोन मिनिटांनी कपबश्या आपटायच्या. फोन टेबलावर ठेवला होता, आप्पांच्या तोंडापासून साधारण दोन फुटांवर. बेचाळीस मिनिटांची फाइल. घरी येऊन ऐकली तर आप्पा समजतात, पण कान ताणून ऐकावं लागतं.

पहिल्यांदा मी सगळा गोंगाट पूर्ण काढून टाकला. ऐकायला एकदम शांत झालं, मी खूश झालो आणि फाइल लिहून काढणाऱ्या ताईंकडे पाठवली. ताईंचा फोन आला की दादा, आप्पा भाव काय सांगताहेत, अकराशे का सतराशे? मी परत ऐकलं तर खरंच "अतराशे" असं काहीतरी ऐकू येत होतं. मूळ फाइलमध्ये गोंगाटासकट स्वच्छ "सतराशे" होतं. त्या दिवसापासून मी साफ केलेली फाइल तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

कूलरचा आवाज पटकन जातो, माणसांची बडबड का जात नाही?

कूलर एकसारखा घुं करत राहतो. आत्ता जसा होता तसाच पाच सेकंदांनीही असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो ओळखून वजा करता येतो. बडबड म्हणजे बोलणंच, आणि आप्पाही बोलतच आहेत. दोन्ही आवाज त्याच पट्ट्यात, दोन्हीत स्वर-व्यंजनं, दोन्हीत चढउतार. आवाज साफ करणारी आताची मॉडेल्स "हे बोलणं, हा गोंगाट" एवढं शिकलेली असतात. "हे आप्पांचं बोलणं आणि हे पोरांचं" हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

तरी लांबच्या वीस जणांचा एकत्र कालवा बऱ्यापैकी जातो, कारण इतके आवाज एकमेकांत मिसळले की त्यात शब्द उरत नाहीत, नुसती गुणगुण उरते. अडचण होते ती जवळच्या एकदोन जणांची. त्यांचं बोलणं मॉडेलला आप्पांइतकंच खरं वाटतं.

"पाण्यातला आवाज" म्हणजे नेमकं काय आणि तो होतो कशाने?

माणूस विहिरीत तोंड घालून बोलतोय किंवा आवाजाच्या मागे बुडबुडे फुटताहेत असं वाटतं ना, तेच. शब्दांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि मध्येच बारीक टिणटिण येते.

होतं असं की सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे करतं, साधारण वीस मिलिसेकंदांचे, एकमेकांवर अर्धे चढलेले. प्रत्येक तुकडा खालच्या-वरच्या सुरांच्या पट्ट्यांमध्ये वाटतं आणि प्रत्येक पट्टीसाठी ठरवतं की ही किती ठेवायची, किती दाबायची. आप्पांचा आवाज मोठा आणि गोंगाट छोटा असेल तर निर्णय सोपा असतो. पण एखाद्या पट्टीत दोघं सारखेच असले की निर्णय डळमळतो, या तुकड्यात ठेव, पुढच्यात दाब, त्याच्या पुढच्यात परत ठेव. सेकंदाला शंभर वेळा हे चालू असतं. पट्ट्या अशा उघडझाप करायला लागल्या की कानाला बुडबुडे ऐकू येतात.

ही तक्रार आजची नाही. 1979 मध्ये बॉल यांनी स्पेक्ट्रममधून गोंगाट वजा करायची पद्धत मांडली, तिच्यातही मागे ही टिणटिण उरायची आणि तिला पुढे म्युझिकल नॉइज हे नाव पडलं. त्याच वर्षी बेरूटी आणि सहकाऱ्यांनी त्यावर जो उपाय सांगितला त्याचा एक भाग असा होता की गोंगाट शून्यावर नेऊ नका, खाली थोडा थर राहू द्या, त्या थरात टिणटिण झाकली जाते. आजच्या मॉडेलबरोबरही मी हेच करतो, पुढे सांगतोच.

ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरमधलं नॉइज रिडक्शन पुरणार नाही का?

कूलरपुरतं पुरेल. त्यात आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा दाखवून नमुना घ्यायचा असतो आणि कूलरचा नमुना शेवटपर्यंत लागू पडतो. बडबडीचा नमुना कुठला घेणार, ती दर सेकंदाला बदलते. जबरदस्तीने चालवलं तर आप्पांच्या आवाजाचेच लचके तुटतात आणि पाणी सगळ्यात जास्त इथेच होतं.

मग नेमकं काय चालवायचं?

मी डीपफिल्टरनेट वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि ग्राफिक कार्ड लागत नाही. त्याचं कमांडवालं टूल फक्त 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल घेतं, म्हणून आधी ffmpeg या फुकट टूलने फोनची फाइल बदलून घ्यायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती बाजूला कॉपी करून ठेवायची.

```
ffmpeg -i appa.m4a -ac 1 -ar 48000 appa.wav
deep-filter -D -a 12 -o saaf appa.wav
```

दुसऱ्या ओळीतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. `-a 12` म्हणजे गोंगाट जास्तीत जास्त बारा डेसिबलने कमी कर, त्याहून जास्त नको. हे लिहिलं नाही तर ते शंभर धरतं, म्हणजे सगळं काढून टाक, आणि माझी पहिली फाइल याच भानगडीत बिघडली होती. `-D` म्हणजे साफ झालेली फाइल मूळ फाइलच्या वेळेला जुळवून दे. प्रक्रियेत आवाज काही मिलिसेकंद मागे सरकतो, एरवी ते कळतही नाही, पण पुढच्या तपासणीला दोन्ही फाइली तंतोतंत जुळायला लागतात.

बेचाळीस मिनिटं एकदम चालवू नका. आधी दोन मिनिटांचा सगळ्यात वाईट तुकडा कापून त्याच्यावर प्रयोग करा.

बाराच का? सहा किंवा वीस का नाही?

सहा डेसिबल म्हणजे गोंगाटाची उंची निम्मी, बारा म्हणजे पाव, वीस म्हणजे एक दशांश. ही मर्यादा घातली की टूल साफ केलेल्या आवाजात मूळ आवाज थोडा परत मिसळतं. त्यामुळे दोन फायदे होतात, जिथे चुकून "स" खाल्ला गेला तिथे मूळ "स" थोडासा परत येतो, आणि उरलेला कालवा बुडबुड्यांवर पांघरुणासारखा पडतो.

आप्पांच्या फाइलवर मी सहा, बारा, अठरा आणि पूर्ण अशा चार फाइली बनवल्या. सहामध्ये पोरं अजून त्रास देत होती. अठराला शांत वाटलं, पण वाक्याच्या शेवटी पाणी यायला लागलं. बाराला कॅफे मागे आहे हे कळतं, पण आप्पा पुढे येतात आणि "सतराशे" सतराशेच राहतं. तुमच्या फाइलला दहा लागतील किंवा पंधरा लागतील, बारा ही फक्त सुरुवात करायची जागा आहे.

पाणी झालंय का नाही हे तपासायचं कसं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साफ केल्या केल्या स्वतःच ऐकून ठरवणं. मुलाखत तुम्ही घेतलेली असते, आप्पा काय म्हणाले हे तुम्हाला पाठ असतं, त्यामुळे अर्धा शब्द गेला तरी डोकं तो भरून काढतं. ताईंचा फोन येईपर्यंत मला "सतराशे" ऐकू येत होतं ते असंच. म्हणून ज्याने मूळ फाइल ऐकलेली नाही अशा माणसाला साफ तुकडा द्या आणि आकडे, गावांची नावं, माणसांची नावं लिहून काढायला सांगा. मग मूळ फाइलशी ताडून बघा. आमच्याकडे हे काम ताई करतात आणि त्यांनी अडखळून प्रश्नचिन्ह टाकलं की मी लगेच ती जागा मूळ फाइलमध्ये बघतो.

स्वतः ऐकताना हेडफोन लावा आणि दोन्ही फाइलींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जी फाइल मोठी वाजते ती कानाला चांगली वाटते. सगळी फाइल ऐकत बसू नका, पाणी ठरलेल्या जागी येतं, तिथेच जा. पहिली जागा वाक्याचा शेवट, आपली माणसं वाक्य संपवताना आवाज खाली सोडतात आणि तेव्हा गोंगाट वरचढ होतो. दुसरी जागा स, श, च, छ, फ, ख असे हवेचे आवाज. तिसरी जागा म्हणजे हसणं, श्वास आणि "हं", यांना मॉडेल कधीकधी बोलणंच समजत नाही आणि कापून टाकतं. मग दोन वाक्यांच्या मध्ये माणूस गायब झाल्यासारखी काळी शांतता येते, ती कानाला फार टोचते.

"सतराशे"मधला "स"च का गेला, बाकी शब्द का राहिला?

कारण "स" म्हणजे नुसती हवा. त्याला गळ्यातला सूर नसतो आणि त्याचा जोर वरच्या पट्ट्यांत असतो, साधारण चार किलोहर्ट्झच्या वर. कॉफी मशीनची वाफ म्हणजे पण हवाच आणि तीही तिथेच. आप्पा "सतराशे" म्हणाले तेव्हाच नेमकी मागे वाफ सुटली होती, मूळ फाइलमध्ये ती ऐकू येते. मॉडेलने दोन्ही मिळून एकच वाफ समजली आणि दाबून टाकली. पुढच्या "श"पर्यंत वाफ थांबली होती म्हणून तो वाचला. स्वरांना सूर असतो, त्यांची रचना ठरावीक असते, म्हणून ते सहसा टिकतात. थोडक्यात स्वर राहतात आणि व्यंजनं जातात, आणि आकड्यांमधला फरक असतो तो व्यंजनांवरच.

काढलेला आवाज वेगळा ऐकता येतो का?

येतो, आणि माझ्या मते हीच सगळ्यात खरी परीक्षा आहे. ऑडॅसिटीत सफाईआधीची `appa.wav` आणि साफ फाइल एकाखाली एक घ्या. साफ फाइलचा पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करून `Invert` लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोघांत जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि फक्त टूलने काढलेला माल उरतो.

त्या उरलेल्या आवाजात कूलर, कपबश्या आणि पोरांचा कालवा ऐकू आला तर उत्तम. आप्पांचे "स" "श" सुटेसुटे फुसफुसताना ऐकू आले तर समजायचं की व्यंजनं खाल्ली जाताहेत. आप्पांचं बोलणंच कळायला लागलं तर मर्यादा नक्की कमी करा. माझ्या पहिल्या फाइलमध्ये या कचऱ्यात आप्पांचा "स" इतका स्वच्छ ऐकू आला की मला वाईट वाटलं.

एक लक्षात ठेवा, दोन फाइली वेळेत जुळल्या नाहीत किंवा एखाद्या टूलने आवाजाची पातळीही बदलली, तर उरलेल्यात सगळंच ऐकू येईल आणि तुम्ही उगाच घाबराल.

कानावर भरवसा नाही, डोळ्यांनी दिसतं का?

दिसतं. ट्रॅकच्या मेनूत `Spectrogram` निवडा. आवाज आडव्या-उभ्या चित्रासारखा दिसतो, खाली जाड सूर आणि वर बारीक. नीट आवाजात स्वरांच्या आडव्या रेघा सलग दिसतात आणि "स"च्या जागी वरच्या भागात धुरकट खांब दिसतो. पाणी झालेल्या फाइलमध्ये त्या खांबाला भोकं पडलेली असतात, आणि दोन शब्दांच्या मधल्या काळ्या जागेत सुटे सुटे ठिपके असतात, ज्वारीचे दाणे सांडल्यासारखे. ते ठिपके म्हणजेच टिणटिण. पण चित्र बघून निकाल देऊ नका, फक्त कुठे ऐकायचं ते त्यावरून शोधा.

भो, आमची मुलाखत अहिराणीत आहे, काही वेगळं करायचं का?

तपासणी जास्त कडक करायची. अहिराणीत वाक्याच्या शेवटी "शे" येतो, आपल्या "आहे"च्या जागी. म्हणजे हवेचा आवाज, छोटा शब्द आणि वाक्याच्या शेवटी पडलेला सूर, तिन्ही वाईट गोष्टी एकाच ठिकाणी. पूर्ण सफाई केलेल्या फाइलमध्ये मला ओळीने पाचसहा वाक्यं बिन "शे"ची सापडली, नुसता एक बुडबुडा उरलेला. आप्पा मराठी बोलता बोलता मध्येच अहिराणीत जातात, तिथे मी मर्यादा आठ डेसिबलवर आणली आणि तेवढा तुकडा वेगळा साफ करून जोडला. जोडताना अर्ध्या सेकंदाची एकमेकांत सरमिसळ दिली की मागचा कॅफे एकदम बदलल्यासारखा वाटत नाही.

शेजारच्या टेबलावरचा एक जण स्पष्ट ऐकू येतो, तो जाईल का?

या पद्धतीने नाही. त्याचा आवाज आप्पांच्या बरोबरीचा असेल तर टूल दोघांनाही ठेवतं. मर्यादा वाढवली तर तो जात नाहीच, उलट आप्पा खराब होतात. ठरावीक माणसाच्या आवाजाचा नमुना देऊन फक्त त्यालाच वेगळं काढणारी मॉडेल्स आहेत, पण दोन पुरुषांचे आवाज मिळतेजुळते असले की तीही एकमेकांचे शब्द इकडचे तिकडे करतात. मी अशा जागी तो भाग तसाच ठेवतो आणि खाली मजकूर देतो, किंवा आप्पांना फोन करून तेवढं परत विचारतो.

काही वेबसाइटवर फाइल टाकली की एकदम स्टुडिओसारखा आवाज येतो, ते का नाही वापरायचं?

त्यातली काही टूल्स आवाज नुसता गाळत नाहीत, नव्याने बनवतात. त्यामुळे पाणी होत नाही, गुळगुळीत येतं, आणि धोका तिथेच आहे. जो शब्द नीट ऐकू आला नाही तिथे ते बुडबुडा सोडण्याऐवजी दुसरा स्वच्छ शब्द बसवू शकतात. बुडबुडा ऐकून ताईंनी मला फोन तरी केला, स्वच्छ "अकराशे" ऐकलं असतं तर तेच छापलं असतं. भाव, तारीख, कोणावर आरोप असं काही मुलाखतीत असेल तर मी अशी टूल्स वापरत नाही.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून आली आहे, चालेल?

नाइलाज असेल तर. व्हॉइस नोट पाठवताना फाइल आधीच दाबली जाते, आणि गोंगाट असलेला आवाज दाबला की त्यातही थोडं पाणी होतंच. त्यावर परत सफाई केली की दुप्पट. पाठवणाऱ्याला सांगा, भाऊ, रेकॉर्डरमधली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आवाज मोठा करायला कॉम्प्रेसर कधी लावायचा?

सफाईनंतर आणि हलक्या हाताने. कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो, मग एकूण आवाज वाढवला की लहान आवाज वर येतात, म्हणजे वाक्यांचे शेवट आणि तिथले बुडबुडेही वर येतात. म्हणून पाण्याची तपासणी कॉम्प्रेसर लावल्यानंतर अजून एकदा करा, आधी न जाणवलेलं तेव्हा जाणवतं. आणि एकावर एक दोन सफाई टूल्स लावू नका, पहिल्याने सोडलेले ठिपके दुसरं टूल आणखी तोडतं.

परत कॅफेतच बसायची वेळ आली तर काय करू?

माइक जवळ घ्या. मोकळ्या जागेत तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, आणि लांबचा कालवा आहे तेवढाच राहतो. दोन फुटांवरून एक फूट, एक फुटावरून सहा इंच, म्हणजे बारा डेसिबल झाले, बंद खोलीत थोडे कमी धरा. जेवढं मी नंतर टूलने काढतो तेवढंच हे आहे, फक्त इथे "स" खाल्ला जात नाही. साधा वायरवाला कॉलर माइक शर्टाच्या दुसऱ्या बटणाजवळ लावला तरी काम होतं. आप्पांना काउंटरकडे पाठ करून नका बसवू, माइक त्यांच्याकडे बघत असतो म्हणजे मग त्यांच्या मागच्या मशीनकडेही तोच बघतो. भिंतीला पाठ लावून बसवा.

आणि बोलणं सुरू करायच्या आधी अर्धा मिनिट नुसता कॅफे रेकॉर्ड करून घ्या, कोणी बोलायचं नाही. पुढच्या वेळी आप्पा भेटले तेव्हा मी हे सांगितलं तर त्यांनी चहाचा कप हातात धरून ठेवला, खाली पण ठेवला नाही. तो अर्धा मिनिट नंतर कामाला आला, जिथे टूलने दोन वाक्यांच्या मध्ये काळी शांतता पाडली होती तिथे तोच कॅफे बारीक आवाजात खाली पसरला.